दोन मुलाखती, एक फोन: नक्की कोणत्या जागेसाठी?

एकाच कंपनीत दोन वेगळ्या जागांसाठी मुलाखत देण्याची वेळ आता बऱ्याच जणांवर येते. कधी उमेदवारानेच दोन जाहिराती पाहून दोन अर्ज केलेले असतात. कधी एका जागेची मुलाखत चालू असताना समोरच्या मॅनेजरला वाटतं की हा माणूस शेजारच्या विभागातही चालेल, आणि दोन दिवसांनी एचआरकडून विचारणा होते, 'आमच्याकडे आणखी एक ओपनिंग आहे, त्या मॅनेजरशी बोलाल का?' शनिवारच्या वॉक-इन ड्राइव्हमध्ये तर सकाळी एका पॅनेलसमोर आणि दुपारी दुसऱ्या पॅनेलसमोर बसवतात. मग आठ-दहा दिवस शांततेत जातात आणि एक फोन येतो: 'तुमचा प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालाय. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा पाठवा, नोटीस पीरियड किती आहे आणि अपेक्षा किती आहे तेवढं सांगा.'

या सगळ्या बोलण्यात जागेचं नाव कुठेच नसतं. आणि बहुतेक उमेदवार ते विचारत नाहीत. आपण गोंधळलेले दिसू, दोन्हीकडे हात मारणारे वाटू, किंवा हातात आलेलं काम एका प्रश्नापायी निसटेल, अशी भीती त्यांना वाटते. ही भीती मी समजू शकतो, पण ती अनाठायी आहे. हा प्रश्न न विचारल्याने होणारं नुकसान मात्र खरं असतं, आणि ते कुठे होतं हे कळायला आधी त्या फोनच्या पलीकडच्या टेबलावर काय चालू असतं ते पाहावं लागेल.

खासगी कंपनीत जागा निर्माण होते ती एका मागणीपासून. विभागप्रमुख लिहून मागतो की मला एक माणूस हवा. वित्त विभाग त्या माणसाच्या खर्चाला मंजुरी देतो. मग एचआर त्या मागणीला एक क्रमांक देऊन भरती सुरू करतं. भरतीच्या भाषेत याला रिक्विझिशन म्हणतात. त्या क्रमांकाखाली सगळं काही बांधलेलं असतं: पदाचा दर्जा म्हणजे ग्रेड, पगाराची खालची आणि वरची मर्यादा, कामाचं ठिकाण, कोणाच्या हाताखाली काम करायचं, आणि कोणाच्या मंजुरीने ऑफर निघायची. तुमची मुलाखत ज्याने घेतली त्याचा अभिप्रायही त्या क्रमांकाखालीच नोंदला जातो. म्हणजे तुमच्या दृष्टीने कंपनी एक असली, तरी तिच्या भरतीच्या प्रणालीत तुमच्या दोन स्वतंत्र फायली असतात. त्या दोन वेगळ्या रिक्रूटरकडे असू शकतात. एकीचा निर्णय झाला म्हणून दुसरी आपोआप हलत नाही.

फोन करणाऱ्या रिक्रूटरसमोर त्या क्षणी एकच फाइल उघडी असते. त्याच्या दृष्टीने जागा कोणती हे उघड आहे, म्हणून तो तिचं नाव घेत नाही. यात फसवण्याचा हेतू क्वचितच असतो. त्याच्याकडे पंधरा-वीस जागा एकाच वेळी चालू असतात आणि आजच्या यादीत तुमच्यासारखे दहा फोन करायचे असतात. त्याला 'ही नक्की कोणती पोझिशन?' असं विचारलं तर त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट त्याची एक चूक वाचते.

सरकारी भरतीत हा प्रश्न फारसा उभा राहत नाही, कारण तो आधीच कागदावर सोडवलेला असतो. राज्यसेवेच्या परीक्षेतून अनेक संवर्गांची पदं भरली जातात. उमेदवार पदांचा पसंतीक्रम देतो, आणि गुणवत्ता यादीतलं त्याचं स्थान व तो क्रम यांवरून पद ठरतं. खासगी क्षेत्रात असा पसंतीक्रम कोणी लिहून घेत नाही. तिथे तो तुम्हालाच बोलण्यातून मांडावा लागतो, आणि योग्य वेळी मांडावा लागतो.

एक उदाहरण घेऊन हे नीट पाहू. त्यातले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण परिस्थिती चाकण-तळेगावच्या पट्ट्यात काम करणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षं क्वालिटी विभागात काढलेली एक इंजिनीअर. सध्याचा सीटीसी ७ लाख ८० हजार, नोटीस साठ दिवसांची. तिने एका मोठ्या कंपनीत सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखत चांगली झाली. त्यानंतर एचआरने तिला त्याच कंपनीतल्या कस्टमर क्वालिटीच्या जागेसाठीही बोलावलं. तीही मुलाखत झाली.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही जागा सारख्याच वाटतील. दोन्हीकडे क्वालिटी, दोन्हीकडे तक्रारीचं मूळ शोधणारे तेच आठ टप्प्यांचे अहवाल. प्रत्यक्षात दिवस अगदी वेगळे जातात. सप्लायर क्वालिटीचा माणूस माल पुरवणाऱ्यांकडे जातो. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतकाम तपासायचं, छत्रपती संभाजीनगरच्या मशीन शॉपमध्ये ऑडिट करायचं, नव्या भागाला उत्पादनापूर्वीची मंजुरी द्यायची. महिन्यातले दहा-बारा दिवस फिरतीचे. हा विभाग काही कंपन्यांत क्वालिटीऐवजी खरेदी विभागाच्या प्रमुखाला उत्तरदायी असतो. कस्टमर क्वालिटीचा माणूस बसतो आपल्याच कारखान्यात, पण गाडी बनवणाऱ्या ग्राहकाच्या लाइनवर एखादा भाग बसला नाही की त्याला तिथे धावावं लागतं, मग सुटीचा दिवस असो की रात्रपाळी. पहिल्या कामात तुम्ही माल नाकारू शकता. दुसऱ्या कामात नाकारलेल्या मालाचा जाब तुम्हाला द्यावा लागतो. ज्या माणसाला पहिलं जमतं त्याला दुसरं आवडेलच असं नाही.

आपल्या उदाहरणात सप्लायर क्वालिटीची जागा वरच्या ग्रेडची होती आणि तिची पगाराची मर्यादा ९ ते साडेअकरा लाख होती. कस्टमर क्वालिटीची मर्यादा ८ ते साडेनऊ लाख. उमेदवाराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. तिच्या मनात पहिली जागा होती, कारण अर्ज तिथे केला होता. फोन आल्यावर तिने फिरतीचा विचार करून अपेक्षा सांगितली: साडेदहा लाख. पहिल्या जागेसाठी हा आकडा अगदी रास्त होता. पण रिक्रूटरसमोर दुसरी फाइल उघडी होती. त्याने तिथे नोंद केली की अपेक्षा बजेटच्या एक लाखाने वर आहे. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे त्याच जागेसाठी नऊ लाखांत यायला तयार असलेला आणखी एक उमेदवार होता, म्हणून तो तिकडे वळला. तिला कोणीही नकार कळवला नाही. तिला वाटलं, माझा पगार जास्त झाला. दुसऱ्या जागेसाठी ती कदाचित ९ लाख ४० हजारांवर आनंदाने तयार झाली असती. सध्याच्या पगारापेक्षा ती सुमारे वीस टक्के वाढ होती, आणि फिरतीही नव्हती.

हेच उलटंही घडतं, आणि ते अधिक बोचतं, कारण ते कळतसुद्धा नाही. घराजवळची, बिनफिरतीची जागा आहे असं समजून उमेदवार कमी आकडा सांगतो, आणि ऑफर येते ती वरच्या ग्रेडच्या फिरतीच्या जागेची, त्या कमी आकड्यावर. एकदा तोंडातून गेलेली अपेक्षा मागे घेणं फार अवघड असतं. रिक्रूटरने ती लिहून ठेवलेली असते आणि त्यावर मंजुरीसाठी कागद पुढे गेलेला असतो.

म्हणून माझा आग्रह एकच आहे: पगाराचा आकडा सांगण्याआधी जागेचं नाव विचारून घ्या. मुलाखत संपताना विचारलं तर फारच चांगलं, आणि ऑफर लेटर आल्यावर विचारणंही काही न विचारण्यापेक्षा बरं. पण ज्या क्षणाला सगळ्यात जास्त वजन आहे तो हा, कारण याच क्षणी तुमचा एक शब्द एका विशिष्ट फायलीला चिकटतो.

विचारायचं कसं, याला फार कौशल्य लागत नाही. फोनवर असं म्हणता येईल: 'धन्यवाद मॅडम. माझ्या तुमच्याकडे दोन मुलाखती झाल्या होत्या, सप्लायर क्वालिटी आणि कस्टमर क्वालिटी. आपण आत्ता यातल्या कोणत्या पोझिशनबद्दल बोलतोय? दोन्हींचं स्वरूप वेगळं आहे, म्हणून अपेक्षाही त्याप्रमाणे सांगते.' एवढंच. दोन्ही जागांची नावं स्वतः घ्यायची, कारण समोरच्याला दुसऱ्या मुलाखतीची माहिती असेलच असं नाही. कारण एका वाक्यात द्यायचं. आणि माफीच्या सुरात बोलायचं नाही. 'सॉरी, मला जरा कन्फ्युजन झालंय' असं सुरू केलं की एक साधी चौकशी कबुलीजबाबासारखी ऐकू येते.

फोन ठेवल्यावर त्याच दिवशी मेल टाकायचा. नवा मेल न काढता ज्या मेलमधून मुलाखतीचं आमंत्रण आलं होतं त्यालाच उत्तर द्यायचं, म्हणजे जागेचं नाव आणि तिचा क्रमांक वर आपोआप राहतो. मजकूर तीन-चार ओळींचा पुरे. आपल्या आजच्या बोलण्याप्रमाणे माझी कस्टमर क्वालिटीच्या पदासाठी निवड पुढच्या टप्प्यावर आहे असं मी समजते. या पदासाठी माझी अपेक्षा अमुक आहे. सप्लायर क्वालिटीच्या पदासाठी माझी मुलाखत अमुक तारखेला झाली होती, त्या अर्जाची सद्यःस्थिती कळवल्यास आभारी राहीन. हा मेल इंग्रजीत गेला तरी क्रम हाच ठेवावा: आधी ज्याबद्दल बोलणं झालं ती जागा, मग तिचा आकडा, मग दुसरीची चौकशी. दुसरीची चौकशी आधी आली की पहिलीत रस नाही असा अर्थ निघतो.

प्रश्न विचारायचा तो ज्याने फोन केला त्या रिक्रूटरला. मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरला लिंक्डइनवर गाठून 'सर, माझं तुमच्याकडे होतंय की त्यांच्याकडे?' असं विचारणारे उमेदवार मी पाहिले आहेत. त्या बिचाऱ्या मॅनेजरची पंचाईत होते. कधी त्याला दुसऱ्या मुलाखतीची कल्पनाच नसते, कधी आपल्याच सहकाऱ्याशी त्याच उमेदवारावरून त्याची ओढाताण चालू असते. दोघांपैकी कोणालाही उत्तर देण्याचा अधिकार नसतो.

आता उत्तर काय येईल? इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रश्न सोपा असला तरी उत्तरामागच्या परिस्थिती वेगवेगळ्या असतात. सगळ्यात सोपी म्हणजे एका ठिकाणी नकार झालेला असतो आणि दुसरीकडे काम पुढे सरकलेलं असतं. रिक्रूटर हे सहसा सांगून टाकतो. दुसरी परिस्थिती अशी की एक जागाच थांबवलेली असते. मंजुरी पुढच्या तिमाहीत ढकलली गेली, किंवा आतलाच कोणी माणूस तिथे घ्यायचं ठरलं. अशा वेळी 'ती पोझिशन सध्या होल्डवर आहे' हे शब्द ऐकू येतात. आपल्या उदाहरणात हेच झालं होतं. सप्लायर क्वालिटीचं बजेट अडकलं होतं, आणि मॅनेजरला ती इतकी आवडली होती की त्यानेच तिचं नाव कस्टमर क्वालिटीकडे सुचवलं होतं. तिच्या गुणवत्तेबद्दल कोणालाच शंका नव्हती. ही बातमी तिला एका प्रश्नाने मिळाली असती.

तिसरी परिस्थिती सर्वात नाजूक आहे. दोन्ही जागा जिवंत असतात, दोन्ही मॅनेजर तयार असतात, आणि एचआरने अजून ठरवलेलं नसतं. तेव्हा तुमचाच प्रश्न तुमच्याकडे परत येतो: 'तुम्हाला कोणती आवडेल?'

या प्रतिप्रश्नाची तयारी न करता पहिला प्रश्न विचारू नये. 'कोणतीही चालेल' हे उत्तर नम्र वाटतं, पण त्याने दोन्हीकडे नुकसान होतं. दोन्ही मॅनेजरना ते कळतं, आणि दोघांनाही वाटतं की हिला माझ्या कामात विशेष रस नाही. मग निर्णय तुमच्या पसंतीने न होता ज्याची निकड मोठी त्याच्या सोयीने होतो. त्याऐवजी पसंती सांगावी, तिचं कारण कामातलं द्यावं आणि दुसऱ्या जागेचा दरवाजा नीट उघडा ठेवावा. उदाहरणार्थ: 'मला सप्लायर क्वालिटीत जास्त रस आहे, कारण गेली दोन वर्षं मी पुरवठादारांच्या ऑडिटचं काम करतेय आणि तेच पुढे न्यायचं आहे. कस्टमर क्वालिटीचाही मी विचार करेन, पण त्यासाठी शिफ्ट आणि सुटीच्या दिवशीच्या कामाबद्दल मला थोडं समजून घ्यावं लागेल.' कारणात पगार किंवा पदाचा मोठेपणा आणू नये. ते मुद्दे खोटे नाहीत, पण त्यांची जागा पगाराच्या बोलणीत आहे.

आणि एखादी जागा तुम्हाला खरोखरच नको असेल, तर ते याच वेळी सांगणं हा तुमचा हक्कही आहे आणि जबाबदारीही. ऑफरला मंजुरी मिळेपर्यंत गप्प राहून नंतर नकार दिला की त्या जागेचा दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार तोवर निघून गेलेला असतो, आणि तुमच्या नावापुढे कंपनीच्या नोंदीत 'ऑफर नाकारली' असं कायमचं राहतं. आधीच सांगितलेली नापसंती इतकी महाग पडत नाही.

कधी रिक्रूटरला उत्तर माहीत असूनही देता येत नाही, आणि कधी खरोखरच माहीत नसतं. 'अजून फायनल नाही, तुम्ही अपेक्षा तर सांगा' असं तो म्हणतो. मग दोन आकडे द्यावेत, प्रत्येक आकडा जागेच्या नावासकट. सप्लायर क्वालिटीसाठी साडेदहा, कस्टमर क्वालिटीसाठी साधारण साडेनऊ, आणि फिरतीचा भत्ता सीटीसीच्या बाहेर धरलेला आहे की आत, ते कळल्यावर पहिला आकडा नक्की करेन. दोन आकडे दिल्याने तुम्ही घासाघीस करणारे ठरत नाही. कामाचा भार वेगळा म्हणून किंमत वेगळी, हे कोणत्याही एचआरला पटतं. त्यांच्या स्वतःच्या मर्यादाही याच हिशेबाने ठरलेल्या असतात.

मोठ्या कंपन्यांच्या भरतीच्या पोर्टलवर उमेदवाराला आपला अर्ज कुठवर आला ते दिसतं, म्हणून अनेक जण विचारण्याऐवजी तिथेच पाहत बसतात. तिथे प्रत्येक अर्जाची वेगळी ओळ असते, ही गोष्ट उपयोगाची आहे. पण त्या ओळीपुढचे शब्द जपून वाचावेत. Under Consideration याचा अर्थ एवढाच की फाइल अजून बंद केलेली नाही. जागा भरून दोन महिने झाले तरी रिक्रूटरने फाइल बंद केली नसेल तर तेच शब्द दिसत राहतात. याउलट No Longer Under Consideration असा मेल आला की लोक हादरतात आणि कंपनीनेच आपल्याला नाकारलं असं समजतात. हा मेल बहुधा यंत्रणेकडून आपोआप सुटतो आणि तो एकाच अर्जापुरता असतो. त्यात वर किंवा मधे कुठेतरी पदाचं नाव आणि क्रमांक असतो. तो आधी वाचावा. एका जागेची फाइल बंद करताना हा मेल सुटलेला असतो आणि दुसऱ्या जागेचा रिक्रूटर त्याच आठवड्यात ऑफरची तयारी करत असतो. मेल वाचून रागाने दुसऱ्या जागेचा फोनच न घेणारे लोक आहेत, म्हणून हे सांगावंसं वाटलं. शंका असेल तर पुन्हा तोच प्रश्न, त्याच रिक्रूटरला: हा मेल अमुक पदापुरता आहे ना, माझा दुसरा अर्ज चालू आहे ना?

फोन आला नाही तरी सुगावा लागायच्या काही जागा असतात. कॅलेंडरवर आलेल्या पुढच्या फेरीच्या आमंत्रणात कोणत्या विभागाचा माणूस आहे ते पाहावं. कागदपत्रांसाठी आलेल्या फॉर्मवर पदाचा क्रमांक असतो, तो जुन्या मेलमधल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. मात्र हे सुगावेच आहेत. त्यावरून अंदाज बांधावा, पगाराचा आकडा ठरवू नये.

आपल्याकडे आणखी एक गुंता होतो, कन्सल्टन्सीचा. एका जागेसाठी तुमचा बायोडाटा प्लेसमेंट कन्सल्टंटने पाठवलेला असतो आणि दुसऱ्या जागेसाठी तुम्ही कंपनीच्या साइटवर थेट अर्ज केलेला असतो. तुमची निवड झाली तर त्या कन्सल्टंटला कंपनीकडून मोबदला मिळणार असतो, आणि ज्याने तुमचं नाव आधी पाठवलं त्याचा काही महिने तुमच्या उमेदवारीवर हक्क धरण्याची पद्धत आहे. अशा वेळी कन्सल्टंट तुम्हाला फक्त त्याच्या जागेबद्दल सांगेल, कारण दुसरीची माहिती त्याच्याकडे नसते किंवा तिच्यात त्याचा फायदा नसतो. इथे उघडपणा हाच मार्ग आहे. दोन्ही अर्जांची माहिती दोघांनाही पहिल्याच संधीला द्यावी, आणि कोणत्या जागेसाठी विचार चालू आहे हे कंपनीच्या एचआरकडून लेखी घ्यावं. लपवलं तर ऑफरच्या टोकाला जाऊन मोबदल्याचा वाद उभा राहतो, आणि तो मिटेपर्यंत तुमचं पत्र अडकतं.

याच ओघात हेही विचारून घ्यावं की दोन्ही जागा कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावर आहेत का. एक जागा कंपनीची आणि दुसरी कंत्राटदार कंपनीच्या नावावर, म्हणजे ज्याला थर्ड पार्टी पेरोल म्हणतात, असं सर्रास असतं. मुलाखत घेणारे तेच, बसण्याची इमारत तीच, पण पत्रावरचा मालक वेगळा. मोठ्या उद्योगसमूहात दोन जागा दोन वेगवेगळ्या नोंदणीकृत कंपन्यांतही असू शकतात. जागेचं नाव कळलं पण मालकाचं नाव कळलं नाही तर प्रश्नाचं उत्तर अर्धंच मिळालं.

शेवटी ऑफर लेटर हातात येतं, आणि तिथेही एक चकवा असतो. जाहिरातीत पद होतं सप्लायर क्वालिटी इंजिनीअर, आणि पत्रावर लिहिलेलं असतं सीनियर इंजिनीअर, क्वालिटी. किंवा नुसतंच डेप्युटी मॅनेजर. कंपनीच्या आतली पदनामं ग्रेडवरून ठरतात, कामावरून ठरत नाहीत. त्यामुळे एकच पदनाम दोन्ही जागांना लागू होऊ शकतं. म्हणून पत्रात पदनामाखेरीज विभाग, कामाचं ठिकाण, ग्रेड आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांचं पद या गोष्टी शोधाव्यात. नसतील तर मेलवर विचाराव्यात, आणि उत्तर येईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. पण ते पत्र हाती येतं रुजू होताना. तोवर जुनी नोकरी सुटलेली असते. जो खुलासा हवा तो ऑफरच्या टप्प्यावरच घ्यावा लागतो.

या खुलाशाची मर्यादाही सांगायला हवी. बहुतेक नियुक्तिपत्रांत एक कलम असतं की कंपनी गरजेप्रमाणे कर्मचाऱ्याची कोणत्याही विभागात किंवा ठिकाणी बदली करू शकते. त्यामुळे एचआरच्या मेलमधल्या 'कस्टमर क्वालिटी' या दोन शब्दांनी आयुष्यभराची हमी मिळत नाही. पण रुजू होताना कोणत्या कामावर बसवणार हे त्यातून ठरतं. पहिल्याच दिवशी 'तुम्हाला तर आम्ही दुसरीकडे घेतलंय' असं झालं, तर त्याच मेलवर बोट ठेवून बोलता येतं.

आता पुन्हा आपल्या इंजिनीअरकडे. समजा तिने वेळेवर प्रश्न विचारला आणि तिला कळलं की कस्टमर क्वालिटीची जागा पुढे सरकली आहे, सप्लायर क्वालिटीची पुढच्या तिमाहीपर्यंत थांबलेली आहे. रिक्रूटर तिला मनापासून सांगतो, 'आत्ता ही घ्या, ती उघडली की आतल्या आत बदलता येईल.' हा सल्ला ऐकायला छान वाटतो, आणि अनेक जण त्यावर विसंबून हो म्हणतात. इथे तिने आणखी एक प्रश्न विचारायला हवा: कंपनीच्या आत दुसऱ्या जागेसाठी अर्ज करायला किती काळ सध्याच्या जागेवर काढावा लागतो? अनेक कंपन्यांत हा काळ बारा ते अठरा महिन्यांचा असतो, आणि त्याला सध्याच्या मॅनेजरची संमतीही लागते. अठरा महिने असं उत्तर आलं, तर तीन महिन्यांनी उघडणारी जागा तिच्यासाठी बंदच आहे. मग तिच्यासमोर दोन स्पष्ट पर्याय उरतात. कस्टमर क्वालिटीचं काम त्याच्या स्वतःच्या गुणांवर पटत असेल तर ९ लाख ४० हजारांवर ते घ्यायचं आणि दुसरा अर्ज एका ओळीच्या मेलने मागे घ्यायचा, म्हणजे तो मॅनेजर तिच्या नावावर थांबून राहणार नाही. किंवा नम्रपणे ही जागा नाकारायची, सध्याच्या नोकरीत राहायचं, आणि सप्लायर क्वालिटीची मंजुरी आली की कळवा असं त्याच रिक्रूटरला लिहून ठेवायचं.